विभागनिहाय अहवाल व संबंधित पक्ष-प्रकटीकरण

एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या धंद्यांचे उत्पन्न, निकाल व मालमत्ता वार्षिक हिशेबात वेगळ्या दाखवणे म्हणजे विभागनिहाय अहवाल (सेगमेंट रिपोर्टिंग). कंपनीवर ताबा किंवा लक्षणीय प्रभाव असणाऱ्यांशी झालेले व्यवहार नावानिशी सांगणे म्हणजे संबंधित पक्ष-प्रकटीकरण. भारतात पहिल्यासाठी लेखामानक १७ आणि दुसऱ्यासाठी लेखामानक १८ आहे. दोन्ही सनदी लेखापाल संस्थेने २००० साली काढली व १ एप्रिल २००१ पासून सुरू होणाऱ्या वर्षांना ती लागू झाली. आंतरराष्ट्रीय मानकांवर बेतलेली इंड एएस ही मानके पाळणाऱ्या कंपन्यांसाठी त्यांच्या जागी अनुक्रमे इंड एएस १०८ व २४ आहेत.

कल्पनेचा उगम बहुधा १९६० च्या दशकातील अमेरिकेत शोधावा लागतो. परस्परांशी संबंध नसलेले उद्योग विकत घेऊन वाढलेल्या तेथील कंपन्यांचा एकत्रित नफा पाहून गुंतवणूकदाराला काही कळेनासे झाले होते. १९६९ मध्ये तेथील रोखे आयोगाने धंदेनिहाय माहिती मागितली, १९७६ मध्ये स्वतंत्र मानक आले आणि १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक १४. पुढचा वाद अजून मिटलेला नाही. जुन्या मांडणीत विभाग ठरतो तो जोखीम व परतावा यांच्या वेगळेपणावरून. लेखामानक १७ याच परंपरेतले आहे. १९९७ च्या अमेरिकी मानकाने आणि त्यावरून २००६ मध्ये आलेल्या आयएफआरएस ८ या आंतरराष्ट्रीय मानकाने विभाग व्यवस्थापनाच्या नजरेवर सोपवला. मुख्य निर्णयकर्ता ज्या तुकड्यांचे आकडे पाहून पैसा वाटतो, तेच विभाग. हे मानक स्वीकारण्यापूर्वी २००७ मध्ये युरोपीय संसदेत आक्षेप घेतले गेले, कारण अशा आकड्यांची दोन कंपन्यांत तुलना अवघड होते. आक्षेप रास्त आहे. तरी व्यवस्थापनाला स्वतःसाठी एक आणि भागधारकांसाठी दुसरे चित्र काढू न देणारी नवी पद्धत अधिक ग्राह्य वाटते. इंड एएस १०८ तीच आहे.

खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार या पट्ट्यात, एका घराण्याच्या हाताखाली जिनिंग, डाळ मिल, केळीचा व्यापार आणि पाइपचा कारखाना असणे नवलाचे नाही. बहुतेक उद्योग लहान कंपन्यांच्या व्याख्येत बसतात आणि त्यांना लेखामानक १७ मधून सूट आहे. लेखामानक १८ मधून मात्र लहान कंपनीही सुटत नाही. म्हणून पुढील काल्पनिक कंपनी मुद्दाम मोठी घेतली आहे. ती शेअर बाजारात नोंदलेली नाही, तिचे नक्त मूल्य २५० कोटींच्या आत आहे (म्हणून इंड एएस नाही), पण उलाढाल २५० कोटींच्या वर आहे (म्हणून सूटही नाही).

तिची बाहेरची विक्री कोटी रुपयांत अशी: जिनिंग ३००, सरकी तेल २२०, डाळ ९५, केळी ९०, पाइप ९५, एकूण ८००. याशिवाय जिनिंगने तेल गिरणीला २०० कोटींची सरकी दिली. विभागांचा निकाल अनुक्रमे ७० नफा, ३० तोटा, ६ नफा, ९ तोटा आणि ४ नफा. मालमत्ता २५०, १२०, ४८, ४० व ४२, एकूण ५००.

कोणता विभाग अहवालात वेगळा दाखवायचा, हे तीन कसोट्यांवरून ठरते. पहिली कसोटी उत्पन्नाची. विभागाचे बाहेरचे व अंतर्गत मिळून उत्पन्न सर्व विभागांच्या अशाच बेरजेच्या १० टक्के किंवा अधिक हवे. बेरीज १,०००, म्हणून उंबरठा १००. जिनिंग (५००) व तेल (२२०) बसतात. अंतर्गत विक्री विसरून ८०० चे १० टक्के काढले, तर उंबरठा ८० वर येतो आणि डाळ, केळी, पाइप तिन्ही चुकीने आत येतात.

दुसरी कसोटी निकालाची, आणि परीक्षेत गुण बहुतेक इथेच जातात. नफ्यातील विभागांचा एकूण नफा ८०, तोट्यातील विभागांचा एकूण तोटा ३९. या दोहोंत जो आकडा मोठा, त्याचे १० टक्के, म्हणजे ८. चिन्ह पाहायचे नाही. केळीचा तोटा ९ आहे, म्हणून केळी विभाग अहवालयोग्य ठरतो. नफ्यातून तोटा वजा करून ४१ चे १० टक्के घेतले, तर ६ कोटींच्या नफ्याची डाळ उगाच बसते. निकालात व्याज व प्राप्तिकर धरत नाहीत. कापसाच्या हंगामासाठी घेतलेल्या कॅश क्रेडिटचे व्याज जिनिंगमुळेच लागले, तरी ते सामान्यतः जिनिंगच्या खर्चात येत नाही. इंड एएस १०८ मध्ये निर्णयकर्ता जो निकाल पाहतो तोच द्यायचा असल्याने हे बंधन तसे उरत नाही.

मालमत्तेचा उंबरठा ५०. डाळ ४८ वर अडते, बाकीचे लहान विभागही खालीच राहतात. तिन्हींपैकी एक कसोटी पुरते, म्हणून अहवालयोग्य विभाग तीन: जिनिंग, तेल व केळी. शेवटी त्यांची बाहेरची विक्री एकूण बाहेरच्या विक्रीच्या किमान ७५ टक्के आहे का, हे पाहायचे. ६१० भागिले ८००, म्हणजे ७६.२५ टक्के, पुरते. केळी सुटली असती तर ५२० वर ६५ टक्केच झाले असते आणि कसोटीत न बसलेला आणखी एखादा विभाग घ्यावा लागला असता. डाळ व पाइप ताळमेळाच्या रकान्यात जातात.

लघुत्तरात तिन्ही कसोट्यांची नावे, 'दोहोंत मोठा आकडा' हे शब्द आणि ७५ टक्क्यांची बेरीज फक्त बाहेरच्या विक्रीची, एवढे आले की उत्तर पुरे होते. मागील वर्षी १० टक्क्यांत बसलेला विभाग यंदा न बसला तरी दाखवायचा, हे एक वाक्य जोडावे.

संबंधित पक्षांत नाते कोणते मोजायचे, हा वादाचा भाग. याच कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकाचे जावई सावदा–रावेर भागातून दिल्लीकडे केळी नेणारे ट्रक चालवतात, असे धरू. लेखामानक १८ मध्ये नातेवाईक म्हणजे पती वा पत्नी, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, वडील व आई. जावई यादीत नाही. कंपनी कायदा, २०१३ च्या व्याख्येत मात्र मुलीचा पती आहे, म्हणून संबंधित पक्षांशी होणाऱ्या व्यवहारांच्या कलम १८८ ची कसोटी लावावी लागते आणि व्यवहार नेहमीच्या कारभारातला किंवा बाजारभावाचा नसेल तर संचालक मंडळाची मंजुरीही. तोच ट्रकचा धंदा मुलीच्या नावावर असता, तर तो हिशेबाच्या टिपणीतही आला असता. जावयाच्या व्यवहारावर मुलीचा प्रभाव धरून तो टिपणीत द्यावा, असे काहींचे म्हणणे आहे. मानकाच्या शब्दांपेक्षा हे कडक आहे, पण वाचकाच्या दृष्टीने तेच सुरक्षित.

कर्ज देणारी बँक किंवा निम्म्याहून अधिक रुई घेणारा व्यापारी केवळ त्या व्यवहारामुळे संबंधित पक्ष ठरत नाही. इंड एएस लागू असेल तर मात्र १० टक्के वा अधिक उत्पन्न देणाऱ्या ग्राहकाकडून किती उत्पन्न आले, हे विभागनिहाय अहवालात सांगावे लागते. त्याचे नाव देण्याची सक्ती नाही. व्यवहार झाले असतील तर पक्षाचे नाव, नाते, व्यवहाराचे स्वरूप व रक्कम, वर्षअखेरची येणी-देणी, बुडीत येण्यांची तरतूद आणि निर्लेखित रक्कम द्यायची. ताबा असलेल्या पक्षाचे नाव व नाते व्यवहार नसतानाही द्यावे लागते.