दुहेरी व्यस्त आलेखाची पार्श्वभूमी: लाइनवीव्हर आणि बर्क यांची विसरली गेलेली अट

जीवरसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात एन्झाइमचा केएम हा स्थिरांक काढायचा म्हटले की आजही बहुतेक ठिकाणी अभिक्रियेचा वेग v आणि सबस्ट्रेटची, म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करते त्या पदार्थाची, संहती [S] यांचे व्यस्त घेऊन १/v आणि १/[S] यांचा आलेख काढतात, पट्टीने रेषा ओढतात आणि दोन आंतरछेद वाचतात. हा आलेख १९३४ मध्ये हान्स लाइनवीव्हर आणि डीन बर्क यांनी मांडला. मांडताना त्यांनी त्याला एक अटही जोडली होती. आलेख पाठ्यपुस्तकांत आला, अट मात्र बहुतेक ठिकाणी गळाली. त्याचा परिणाम आकड्यांवर कसा होतो हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

सुरुवात साखरेपासून झाली. यीस्टमधले इन्व्हर्टेज हे एन्झाइम उसाच्या साखरेचे, म्हणजे सुक्रोजचे, ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन करते. सुक्रोजचे द्रावण ध्रुवित प्रकाश उजवीकडे वळवते आणि तयार होणारे मिश्रण डावीकडे, त्यामुळे पोलॅरिमीटरमधून अभिक्रियेची प्रगती पाहता येते. १९०२ मध्ये एड्रियन ब्राउन यांनी दाखवले की साखर भरपूर असली की वेग साखरेच्या संहतीवर अवलंबून राहत नाही. एन्झाइम आणि साखर यांचे संयुग बनते, आणि सगळे एन्झाइम त्यात गुंतले की वेग आणखी वाढायला जागाच उरत नाही, असा त्याचा अर्थ. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये व्हिक्टर आंरी यांनी याचे समीकरण लिहिले. समीकरण बरोबर होते, पण मोजमापात दोन उणिवा होत्या. आम्लता स्थिर ठेवलेली नव्हती. शिवाय विघटनातून नुकतेच सुटलेले ग्लुकोज अल्फा रूपात असते, आणि ते हळूहळू अल्फा-बीटाच्या समतोल मिश्रणात बदलताना प्रकाशाचे वळणही बदलत राहते. ही गोष्ट हिशेबात घेतली नाही तर पोलॅरिमीटरचे वाचन अभिक्रियेच्या मागे पडते.

१९१३ मध्ये बर्लिनच्या आम उर्बान रुग्णालयातल्या छोट्या प्रयोगशाळेत लिओनोर मिखाएलिस आणि कॅनडाहून आलेल्या डॉक्टर मॉड मेंटेन यांनी या दोन्ही उणिवा दूर केल्या. अ‍ॅसिटेट बफरने आम्लता धरून ठेवली. ठरावीक वेळांनी नमुना काढून त्यात अल्कली घातली. त्याने एन्झाइम तिथल्या तिथे थांबते आणि ग्लुकोजचा रूपबदलही झटपट पूर्ण होतो. मग सावकाश वाचन घ्यावे. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: त्यांनी सुरुवातीचा वेग मोजला. उत्पादन साठून अडथळा आणण्याआधीचा आणि साखर फारशी संपण्याआधीचा वेग घेतला की समीकरण अगदी सोपे होते:

```
v = Vmax·[S] / (Km + [S])
1/v = (Km/Vmax)·(1/[S]) + 1/Vmax
```

पहिली ओळ त्यांच्या निष्कर्षाचे आजचे रूप आहे. दुसरी तिच्यातूनच निघते, तिच्याकडे पुढे येऊ. [S] ची किंमत केएमइतकी घातली की वेग बरोबर व्हीमॅक्सच्या, म्हणजे कमाल वेगाच्या, निम्मा येतो, म्हणून केएमला अर्धसंपृक्तता स्थिरांक म्हणतात. इन्व्हर्टेज आणि सुक्रोज या जोडीसाठी त्यांना तो ०.०१६७ मोलर, म्हणजे सुमारे १७ मिलिमोलर मिळाला. मिखाएलिस आणि मेंटेन याला एन्झाइम-सबस्ट्रेट संयुगाचा विघटन स्थिरांक मानत होते. १९२५ मध्ये ब्रिग्ज आणि हॉल्डेन यांनी तो आग्रह सोडला. संयुग जितक्या वेगाने बनते तितक्याच वेगाने मोडते एवढेच गृहीत धरले तरी समीकरणाचे रूप तेच राहते, पण केएममध्ये संयुगाचे उत्पादनात रूपांतर होण्याचा वेगही मिसळलेला असतो. म्हणून केएम लहान आहे एवढ्यावरून एन्झाइमची सबस्ट्रेटशी घट्ट पकड आहे असे सरसकट म्हणता येत नाही.

आता व्यवहारातली अडचण. व्हीमॅक्स ही वक्राने कधीच न गाठलेली मर्यादा आहे. [S] केएमच्या चौपट असताना वेग ८० टक्के असतो, दहापट असताना सुमारे ९१ टक्के, आणि ९९ टक्के गाठायला केएमच्या ९९ पट सबस्ट्रेट लागतो. इन्व्हर्टेजसाठी हे सुमारे १.६५ मोलर होते, म्हणजे लिटरला साडेपाचशे ग्रॅमहून जास्त साखर. इतक्या दाट पाकात पाणीच कमी पडते आणि वेग उलट उतरतो. म्हणून वक्राकडे नुसते पाहून कमाल वेग ठरवता येत नाही. मिखाएलिस आणि मेंटेन यांनी यावर वेगळाच उपाय काढला होता. त्यांनी वेग संहतीच्या लॉगरिदमसमोर मांडला. त्यातून आम्लाच्या अनुमापनासारखा एस-आकाराचा वक्र येतो आणि त्याच्या मध्यबिंदूपाशी चढ व्हीमॅक्सच्या ०.५७६ पट असतो. या चढावरून ते कमाल वेगापर्यंत पोहोचले. पद्धत चोख होती, पण हाताने करायला किचकट.

सरळ रेषेची कल्पना लाइनवीव्हर आणि बर्क यांच्या आधीची आहे. बार्नेट वूल्फ यांनी समीकरण सरळ रेषेत बसवण्याच्या तीन रीती ओळखल्या होत्या, आणि १९३२ मध्ये हॉल्डेन आणि श्टेर्न यांच्या जर्मन पुस्तकात त्या आल्या. (हे हॉल्डेन म्हणजे पुढे १९५७ मध्ये भारतात येऊन स्थायिक झालेले जे. बी. एस. हॉल्डेन.) पण नाव झाले ते वॉशिंग्टनमधल्या शेतीखात्याच्या, नत्र स्थिरीकरणावर काम करणाऱ्या प्रयोगशाळेतल्या लाइनवीव्हर आणि बर्क यांचे. वरच्या चौकटीतली दुसरी ओळ म्हणजेच त्यांचा आलेख: रेषेचा चढ म्हणजे केएम भागिले व्हीमॅक्स, उभ्या अक्षावरचा आंतरछेद १/व्हीमॅक्स, आणि रेषा डावीकडे वाढवली की आडव्या अक्षावरचा आंतरछेद उणे १/केएम.

अट अशी होती की सगळ्या बिंदूंना सारखे वजन द्यायचे नाही. वेगातली त्रुटी सगळीकडे सारखी असेल तर व्यस्त घेतल्यावर ती सारखी राहत नाही. प्रत्येक बिंदूला वेगाच्या चौथ्या घाताइतके वजन द्यावे लागते. हा सांख्यिकीय भाग त्यांनी त्याच प्रयोगशाळेतल्या डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांच्या मदतीने सोडवला होता. पुढे जपानी कारखान्यांच्या गुणवत्तेशी ज्यांचे नाव जोडले गेले, तेच हे डेमिंग.

अट पाळली नाही तर काय होते ते आकडे घेऊन पाहू. समजा खरा केएम २० मिलिमोलर आणि व्हीमॅक्स मिनिटाला १०० मायक्रोमोलर आहे. ५, १०, २०, ४० आणि ८० मिलिमोलरला अचूक वेग अनुक्रमे २०, ३३.३, ५०, ६६.७ आणि ८० येतील. त्यांचे व्यस्त (०.०५, ०.०३, ०.०२, ०.०१५, ०.०१२५) १/[S] समोर मांडले की चढ ०.२ ची स्वच्छ रेषा मिळते आणि उभा आंतरछेद ०.०१ येतो. आता सर्वांत कमी संहतीचा एकच वेग २० ऐवजी १८ मोजला गेला असे धरा. १/v ०.०५ वरून ०.०५५६ होतो. हा बिंदू आलेखात सर्वांत उजवीकडे, इतरांपासून दूर आहे, त्यामुळे तो रेषा तरफेसारखी फिरवतो. बिनवजनाची रेषा आता केएम जवळपास २६ आणि व्हीमॅक्स ११३ सांगते. तितकीच, म्हणजे २ एककांची, चूक वरच्या टोकाला झाली आणि ८० ऐवजी ७८ मोजले गेले, तर केएम १९.६ आणि व्हीमॅक्स ९८.७ येतो. चूक तेवढीच, पण पहिल्या वेळी केएम तीस टक्के हलला आणि दुसऱ्या वेळी दोन टक्केही नाही.

वेगाच्या चौथ्या घाताचे वजन दिले की ८० वेगाच्या बिंदूचे वजन २० वेगाच्या बिंदूच्या २५६ पट होते. मग १८ चे चुकीचे वाचन ठेवूनही केएम २१ च्या आत आणि व्हीमॅक्स १०१ येतो. आर या सांख्यिकीच्या संगणकभाषेत हे एका ओळीचे काम आहे, आणि व्यस्त न घेता मूळ वक्रच बसवणेही तितकेच सोपे आहे:

```
lm(1/v ~ I(1/S), weights = v^4)
nls(v ~ Vmax*S/(Km+S), start = list(Vmax=100, Km=20))
```

दोन्हींची उत्तरे जवळपास सारखी येतात. मूळ वक्र बसवण्याची गणिती रीत जी. एन. विल्किन्सन यांनी १९६१ मध्येच मांडली. १९६५ मध्ये डाउड आणि रिग्ज यांनी तीन सरळ आलेखांची तुलना केली, तेव्हा बिनवजनाचा दुहेरी व्यस्त आलेख त्यांत सर्वांत कमी भरवशाचा ठरला. तो डोळ्यांना मात्र छान दिसतो: मोठ्या त्रुटीचा बिंदू रेषेला आपल्याकडे ओढून घेतो, म्हणून बिंदू रेषेवर बसलेले वाटतात.

१८ चे उदाहरण मुद्दाम घेतले, कारण कमी संहतीला चूक बहुधा याच दिशेने होते. सगळ्या नळ्या एकाच वेळी थांबवल्या की कमी सबस्ट्रेटच्या नळीत त्याचा मोठा वाटा संपतो. वरच्याच आकड्यांनी पाहा: ५ मिलिमोलरच्या नळीत सुमारे ५५ मिनिटांत २० टक्के सबस्ट्रेट संपतो आणि सरासरी वेग २० ऐवजी १८.३ निघतो, ८० मिलिमोलरच्या नळीत तेवढ्याच वेळात पाचेक टक्के संपतो आणि वेग ७९.५ येतो. अशी चूक प्रयोग पुन्हा केल्याने जात नाही, कारण ती दर वेळी त्याच बाजूला पडते. कमी संहतीच्या नळ्या लवकर थांबवाव्यात किंवा एन्झाइम अधिक विरळ करावे. प्रत्येक नळीतून दोन वेळांना नमुना घेऊन तयार झालेले उत्पादन वेळेच्या प्रमाणात आहे का ते तपासले की शंका उरत नाही.

मग हा आलेख काढूच नये का? आकडे वक्रावरून घ्यावेत, पण अवरोधक कोणत्या प्रकारचा आहे हे दाखवायला हा आलेख अजूनही उत्तम आहे. सबस्ट्रेटशी स्पर्धा करणारा अवरोधक त्याच्या स्वतःच्या विघटन स्थिरांकाइतक्या संहतीला घातला की दिसणारा केएम २० चा ४० होतो. चढ दुप्पट होतो, पण उभा आंतरछेद ०.०१ वरच राहतो, म्हणजे दोन्ही रेषा उभ्या अक्षावर मिळतात. फक्त संयुगालाच चिकटणाऱ्या अवरोधकात व्हीमॅक्स आणि केएम सारख्याच पटीत घटतात आणि रेषा समांतर राहतात. उभ्या अक्षाच्या डावीकडे मिळणाऱ्या रेषा मिश्र प्रकार सांगतात, आणि त्या आडव्या अक्षावरच मिळाल्या तर केएम तसाच असून फक्त व्हीमॅक्स घटलेला असतो.

एक गोष्ट मात्र हा आलेख लपवतो. ८०, १६० आणि ३२० मिलिमोलरचे बिंदू आडव्या अक्षावर ०.०१२५, ०.००६ आणि ०.००३ ला येतात, म्हणजे उभ्या अक्षाला चिकटून. जास्त साखरेत इन्व्हर्टेजचा वेग उतरू लागतो तेव्हा रेषेचे टोक तिथेच वर वळते, आणि एवढ्याशा जागेत ते वळण सहज नजरेतून सुटते. हेच बिंदू लॉगरिदमच्या अक्षावर सारख्या अंतरावर पडतात, आणि १९१३ च्या रीतीने काढलेल्या आलेखात तो उतार स्पष्ट दिसतो.