दहा बिटचा मॉनिटर घेतला, तरी आकाशात पट्टे का दिसतात?

"मॉनिटर बदलून द्या, आकाशात पट्टे दिसतायत," असे फोन आम्हाला सतत येतात. मॉनिटर दुकानात आणून तपासला की बहुतेक वेळा तो ठणठणीत निघतो. दोष असतो तपासायला घेतलेल्या फोटोत.

आठ बिटमध्ये लाल, हिरवा, निळा या प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, दहा बिटमध्ये 1024. 256 पुष्कळ वाटतात, पण संध्याकाळच्या आकाशाच्या वाट्याला त्या सगळ्या येत नाहीत. समजा, 3840 पिक्सेल रुंद फोटोत करडा रंग एका कडेला 120 आणि दुसऱ्या कडेला 150 आहे. मधल्या पायऱ्या जेमतेम तीस, म्हणजे प्रत्येक पट्टा 128 पिक्सेल रुंद. तो डोळ्याला दिसणारच. दहा बिटमध्ये तेवढ्याच जागेत 120 पायऱ्या बसतात. पट्टा 32 पिक्सेलचा होतो आणि शेजारच्या दोन पट्ट्यांतला फरकही पावपट राहतो, म्हणून उतार सलग वाटतो.

आता नेहमीची चूक. मंडळी नवा मॉनिटर जोडतात आणि जुना JPEG उघडतात. नेहमीचा JPEG आठ बिटचाच असतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला तर वरून आणखी दाबलेला. त्यात पायऱ्याच तीस असतील, तर मॉनिटर मधल्या पायऱ्या आणणार कुठून? फोटोशॉपमध्ये तो 16 Bits/Channel केला तरी गेलेल्या पायऱ्या परत येत नाहीत. रॉ फाइलपासून पुन्हा सुरुवात करावी लागते.

खरी तपासणी अशी करा. 16 Bits/Channel ची नवी फाइल घ्या आणि वरच्यासारखा 120 ते 150 चा ग्रेडियंट ओढा. ओढताना Dither ची खूण काढून टाका, नाहीतर तो बारीक दाणे पेरून पट्टे झाकतो. त्याआधी एनव्हिडियाच्या सेटिंगमध्ये Output color depth ला 10 bpc आणि फोटोशॉपच्या Preferences मध्ये 30 Bit Display निवडलेले हवे. 10 bpc दिसतच नसेल तर वायर बघा: 4K ला 60 हर्ट्झवर पूर्ण रंगाचा दहा बिट सिग्नल एचडीएमआय 2.0 मधून जात नाही. म्हणूनच आम्ही मॉनिटरसोबत डिस्प्लेपोर्टची वायर देतो आणि तीच लावा म्हणतो. काहींना ती आमची हौस वाटते.

फाइल पाहिल्याशिवाय आम्ही मॉनिटर बदलून देत नाही, त्याचेही कारण हेच. बदललेल्या मॉनिटरवर तेच पट्टे दिसले की तुमचा दिवस जातो आणि आमचाही.

तुम्ही फक्त लॅबला अल्बमचे JPEG पाठवत असाल, तर चांगला आठ बिटचा मॉनिटर पुरतो. तोही आमच्याकडे आहे. अशा वेळी शेवटच्या फाइलमध्ये आकाशावर अगदी हलका नॉइज टाका, छपाईतले पट्टेही मोडतात. दहा बिटचे पैसे वसूल होतात ते रॉ फोटोंवर आणि दहा बिटमध्ये चित्रित केलेल्या व्हिडिओवर. खरेदीआधी तुमची मूळ फाइल पेनड्राइव्हवर आणा. दुकानात दोन्ही मॉनिटर शेजारी-शेजारी लावलेले आहेत.