मसुदा मोठ्याने वाचणं आणि एका वाचकाकडून तपासून घेणं

लिहिलेलं छापायच्या किंवा पाठवायच्या आधी त्याच्या दोन तपासण्या करायची ही पद्धत आहे. आधी लिहिणाऱ्याने मजकूर आवाज काढून वाचायचा, मग ज्याला तो खरंच वापरायचाय अशा एका माणसाला वाचायला देऊन बघायचं. नाटकवाल्यांकडे ही रीत जुनीच, तालमी सुरू व्हायच्या आधी लेखक कलाकारांसमोर संहिता वाचतो आणि कुठे जीभ अडखळते ते तिथेच कळतं. पण नोटीस, अर्ज, माहितीपत्रक असल्या रोजच्या लिखाणात ती फारशी कुणी पाळत नाही आणि खरी गरज तिथेच जास्त असते, कारण तिथे वाचक चुकला तर त्याचं पाणी जातं, तारीख हुकते.

दोन्ही तपासण्या वेगळ्या चुका पकडतात, एकीने दुसरीचं काम होत नाही. हे मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगच्या एका नोटिशीवरून नीट सांगता येईल. टाक्या धुवायच्या होत्या आणि मी लिहिलेला पहिला मसुदा असा होता: "सर्व सभासदांना कळविण्यात येते की, इमारतीच्या गच्चीवरील व तळमजल्यावरील पाण्याच्या टाक्यांची साफसफाई करण्याचे काम शनिवारी रात्री १२ वाजल्यापासून हाती घेण्यात येणार असल्याने सदर कालावधीत पाणीपुरवठा बंद राहील, तरी आवश्यक तो पाणीसाठा करून सहकार्य करावे."

डोळ्याने वाचताना यात काहीच खटकलं नाही. लिहिणाऱ्याचे डोळे शब्द वाचतच नाहीत, मनात असलेला अर्थच परत बघतात, म्हणून गळलेला शब्दही दिसत नाही. तोंडाने वाचताना मात्र प्रत्येक शब्द उच्चारावा लागतो. शक्यतो प्रिंट काढायची, उभं राहून बोलायच्या वेगाने वाचायचं, हातात पेन्सिल ठेवायची आणि जिथे अडखळलो तिथे नुसती टिक करून पुढे जायचं. तिथल्या तिथे दुरुस्त करत बसलं की लय तुटते आणि पुढच्या चुका निसटतात. दुसऱ्या कुणाच्या हातात कॉपी देऊन त्याला टिक करायला सांगितलं तर अजून चांगलं, कारण आपण लिहिल्यापेक्षा वेगळं बोललो हे आपल्याला बऱ्याचदा कळतही नाही.

या नोटिशीत तीन ठिकाणी टिक झाली. "हाती घेण्यात येणार असल्याने" इथे श्वास संपला. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे तिथपर्यंतचं सगळं डोक्यात धरून ठेवावं लागतं आणि वाक्य लांबलं की वाचणाऱ्याचा आवाज मध्येच खाली बसतो. दुसरी "सदर कालावधीत"वर, कारण उच्चारल्यावर लक्षात आलं की कालावधी आपण दिलेलाच नाही, फक्त सुरुवात दिलीय. तिसरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: "साफसफाई करण्याचे काम हाती घेण्यात येणार" याऐवजी माझ्या तोंडून आपोआप "टाक्या धुणार आहोत" असं निघालं. तोंडाने स्वतःहून बदललेलं वाक्य बहुतेक वेळा कागदावरच्यापेक्षा बरं असतं, ते उचलून तसंच लिहावं.

दुसरा मसुदा मग सोपा झाला: "आपण दोन्ही टाक्या धुणार आहोत. त्यासाठी शनिवारी रात्री १२ पासून रविवारी दुपारी २ पर्यंत पाणी बंद राहील. लागेल तेवढं पाणी आधी भरून ठेवा." वाचताना कुठेच अडत नव्हतं, आणि तरीही नोटीस चुकीची होती.

ते दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंमुळे कळलं. वाचक निवडताना बघायचं ते हे, की त्याला विषय आधीपासून माहीत नसावा आणि मजकूर खरंच त्याच्या उपयोगाचा असावा. कमिटीतला माणूस चालत नाही, त्याला सगळं ठाऊक असतं. घरचा माणूसही शक्यतो नको, आपण जेवताना बोललेलं त्याच्या कानावर पडलेलं असतं. मजकूर ज्या रूपात पोचणार त्याच रूपात दाखवायचा, नोटीस व्हॉट्सअॅपवर जाणार होती म्हणून मी काकूंना ती मोबाईलवरच दिली. देताना एक शब्दही समजावायचा नाही, वाचून होईपर्यंत गप्प राहायचं, आणि हे सांगायला सोपं पण करायला फार कठीण आहे.

प्रश्नही जपून विचारायचा. "कळलं ना काकू?" म्हटलं की उत्तर "हो रे" असंच येणार. "कशी वाटली?" म्हटलं की "छान लिहिलंयस." आपल्याकडे तोंडावर चूक दाखवायचा संकोच असतो, तो मध्ये येतो. त्याऐवजी मोबाईल परत घ्यायचा आणि विचारायचं, "मग आता तुम्ही काय कराल, कधी कराल?" काकू म्हणाल्या, "शुक्रवारी झोपायच्या आधी पिंप भरून ठेवीन, शनिवारी बारापासून बंद आहे ना."

माझ्या डोक्यात शनिवारची रात्र संपून रविवार सुरू होतो तेव्हाचे बारा होते. त्यांनी शनिवार सुरू होतानाचे बारा धरले, आणि वाक्य दोन्ही बाजूंनी बरोबर होतं. ही चूक शंभर वेळा मोठ्याने वाचूनही मला ऐकू आली नसती, कारण आवाजही माझाच आणि अर्थही माझाच. "परवा"चं तसंच आहे, तो गेलेला की येणारा हे लिहिणाऱ्याला कायम ठाऊक असतं आणि वाचणाऱ्याला कधीकधी नसतं.

थोडं थांबून काकूंनीच पुढे विचारलं, "आणि पाणी आलं की लगेच प्यायचं का? गेल्या वेळी वास येत होता." टाकी धुतात तेव्हा ब्लीचिंग पावडर वापरतात, पहिलं पाणी थोडा वेळ सोडून द्यावं लागतं, हे लिहायचं मला सुचलंच नव्हतं. वाचकाचा असा प्रश्न त्याच्याच शब्दांत टिपून ठेवावा, आपण सुधारून लिहिला की त्यातली नेमकी शंका निघून जाते. त्याशिवाय डोळा कुठे मागे फिरतो, अंगठ्याने स्क्रीन कुठे परत वर सरकते, तेही बघावं.

एका वाचकाने किती कळतं याला मर्यादा आहे. किती लोक चुकतील हा आकडा त्यातून मिळत नाही, एवढंच कळतं की असं चुकता येतं. त्यामुळे वेळ, जागा, पैसे, काय करायचं याबद्दल वाचक चुकला तर एकाच्या सांगण्यावरूनही लगेच बदलावं. "भरून ठेवा"पेक्षा "साठवून ठेवा" बरं वाटतं, असली आवड मात्र सोडून द्यावी. दुसरं म्हणजे वाचक एकदाच वापरता येतो. काकूंना आता खरी वेळ माहीत झाली, त्यांना सुधारलेला मसुदा दाखवून काही सिद्ध होत नाही, नवा माणूस लागतो. मुंबईत यासाठी घरी मराठी न बोलणारा शेजारी फार उपयोगी पडतो, "सदर" आणि "तरी" त्याच्याकडे लगेच अडकतात.

तिसरा मसुदा असा झाला: "शनिवार १४ तारखेला रात्री झोपायच्या आधी पाणी भरून ठेवा. त्या रात्री १२ ला पाणी बंद होईल, ते रविवार १५ ला दुपारी २ वाजता येईल. आलं की पहिली पाच मिनिटं नळ सोडून द्या, ते पाणी पिऊ नका." हा पहिल्या मजल्यावरच्या गुजराती भाभींना दाखवला आणि तोच प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "शनिवार रातको भरना है, संडेका नहाना उसीमें." आणि मग विचारलं की ते पाच मिनिटांचं पाणी बादलीत धरून फरशी पुसायला चालेल का. शेवटच्या ओळीत तेवढं वाढवलं आणि नोटीस पाठवली.