सरळ रेषेतला किलोमीटर आणि जंगलातली मिनिटं

नकाशा वाचत जंगलातून धावायच्या ओरिएंटिअरिंग या खेळात कोर्सच्या कागदावर ‘५.२ किमी, चढ १६० मी’ असं छापलेलं असतं, आणि नवा धावपटू लगेच स्वतःच्या रस्त्यावरच्या वेगाने गुणाकार करून मोकळा होतो. गोंधळ इथेच सुरू होतो. ते ५.२ किलोमीटर कुणीही धावत नाही. सुरुवातीपासून एकेका कंट्रोलला, म्हणजे क्रमाने गाठायच्या नकाशावरच्या ठिकाणाला, जोडत शेवटापर्यंत ओढलेल्या सरळ रेषांची ती बेरीज असते. रेषा वाकवायची ती फक्त जिथून शरीर जाऊच शकत नाही अशा अडथळ्यासाठी (तळं, उंच कुंपण, न उतरता येणारा कडा), मनाई असलेल्या भागासाठी किंवा आखून दिलेल्या मार्गासाठी.

१८९७ साली ओस्लोजवळ पहिली खुली स्पर्धा झाली तेव्हा हा प्रश्नच नव्हता. कोर्सवर कंट्रोल तीन आणि नोंद शेवटच्या वेळेची. पुढे कित्येक दशकं कंट्रोलवर सुया असलेला चिमटा टांगलेला असायचा आणि प्रत्येक चिमट्याच्या सुयांची नक्षी वेगळी. कार्डाच्या चौकोनात ती टोचली की तुम्ही तिथे गेल्याचा पुरावा मिळे, पण कधी गेलात ते कार्डाला माहीत नसे. त्यामुळे मिनिटं प्रति किलोमीटर हा हिशेब धावपटूचा नव्हता, कोर्स आखणाऱ्याचा होता. त्याला विजेत्याची वेळ ठरवून दिलेली असते आणि लांबी त्यातून काढायची असते. मध्यम पल्ल्याला विजेता साधारण ३५ मिनिटांत यायला हवा असेल आणि त्या जंगलात चांगला धावपटू सरळ रेषेच्या किलोमीटरला ६ मिनिटं घेत असेल, तर कोर्स ५.८ किमीचा. जंगल दाट असून ७.५ मिनिटं लागत असतील तर ४.७ किमीचा. ही ६ किंवा ७.५ मिनिटं त्याच नकाशावरच्या आधीच्या निकालांतून येत. आखणाऱ्याच्या हातातला आकडा मुळापासून सरळ रेषेचाच होता, हे लक्षात ठेवायला हवं.

सरळ रेषा का, यावर अजूनही वाद होतो. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं साधं आहे: जी वाट कुणी घेणार नाही, तिची लांबी छापायची कशाला? माझ्या मते छापायला सरळ रेषाच योग्य आहे. ‘सर्वांत चांगल्या वाटेची लांबी’ छापायची तर ती वाट कुठली, हे आखणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं, आणि वाट निवडणं हाच तर या खेळाचा गाभा आहे. शिवाय सरळ रेषा कुणीही पट्टीने मोजली तरी तेवढीच भरते.

अडचण लांबीत नाही, चढात आहे. लांबी सरळ रेषेने मोजायची, पण चढ मोजायचा तो ‘शहाणपणाच्या सर्वांत छोट्या वाटेने’, असा नियम आहे. म्हणजे एकाच ओळीतले दोन आकडे दोन वेगळ्या वाटांचे. आणि आपण काय करतो? १० मीटर चढ म्हणजे १०० मीटर सपाट धावणं असं धरून दोन्हींची बेरीज करतो. चढाचा हा हिशेब जुना आहे. १८९२ साली एका स्कॉटिश गिर्यारोहकाने तासाला ३ मैल आणि प्रत्येक २,००० फूट चढाला आणखी एक तास असा नियम सांगितला होता. तो सोडवला की एक फूट चढ जवळपास ८ फूट सपाट चालीइतका भरतो. धावणाऱ्यांनी आठाचे दहा केले, कारण तोंडी हिशेब सोपा होतो. अंदाज म्हणून तो चालतो, पण चढ त्याच वाटेचा असेल तरच.

एक लेग, म्हणजे दोन कंट्रोलमधला टप्पा, घेऊन पाहू. नकाशावर हिरवा रंग जितका गडद तितकी झाडी दाट. सरळ अंतर ८०० मीटर. धावपटूचा मोकळ्या, नकाशावर पांढऱ्या दाखवलेल्या जंगलातला वेग किलोमीटरला ७ मिनिटं. सरळ गेलं तर ५०० मीटर पांढरं, २०० मीटर फिकट हिरवं, १०० मीटर मधलं हिरवं आणि ४० मीटर चढ. पांढऱ्याला साडेतीन मिनिटं लागतात. फिकट हिरव्यात वेग सत्तर टक्क्यांवर येतो, म्हणजे १० मिनिटांचा किलोमीटर, म्हणून २ मिनिटं. मधल्या हिरव्यात चाळीस टक्के धरले तर १०० मीटरला पावणेदोन मिनिटं. चढाचे ४०० मीटर वाढवून आणखी २ मिनिटं ४८ सेकंद. एकूण १०:०३. आता डावीकडून पायवाटेने वळसा घालू: ९०० मीटर पायवाट ५ मिनिटांच्या वेगाने, मग २५० मीटर पांढरं जंगल, आणि पायवाटेवरच २५ मीटर चढ. एकूण ७:३०. अंतर साडेतीनशे मीटरने वाढलं आणि अडीच मिनिटं वाचली.

स्प्लिटच्या, म्हणजे प्रत्येक लेगच्या वेळेच्या, तक्त्यात मात्र हा उत्तम लेग किलोमीटरला ९:२२ असा दिसतो, कारण ७:३० ला ८०० मीटरने भागलेलं असतं. पाय खरंतर ६:३१ ने धावले. कागदावरचा हिशेब केला तर ८०० मीटर सरळ अंतर अधिक वळशाच्या २५ मीटर चढाचे २५० मीटर, म्हणजे १,०५० मीटर. ही लांबी दोन्हींपैकी कुठल्याच वाटेची नाही.

हिरव्या रंगाचे टक्केही नीट वाचायला हवेत. नकाशांच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीत ते मिनिटांत उलगडून दिले होते. मोकळ्या जंगलात ५ मिनिटांचा किलोमीटर धरला तर फिकट हिरव्यात ६:१५ ते ८:२०, मधल्या हिरव्यात ८:२० ते थेट २५ मिनिटं आणि गडद हिरव्यात त्याहून जास्त. मधल्या हिरव्याचा पट्टा ६० पासून २० टक्क्यांपर्यंत पसरलेला आहे, म्हणजे एकाच रंगात वेळ तिप्पट होऊ शकते. आपल्याकडची कारवी ज्यांनी हातांनी बाजूला सारली आहे, त्यांना हा फरक समजावून सांगायला नको. म्हणून मधल्या हिरव्यातून जाणाऱ्या लेगला एकच वेळ लिहू नये, कमी आणि जास्त अशा दोन लिहाव्यात. पहिल्या कंट्रोलच्या वाटेवर त्या रंगाची एक पट्टी ओलांडली की त्या दिवशीचा खरा आकडा कुठे आहे ते कळतं.

१९९० च्या दशकात कंट्रोलला पोहोचल्याची वेळही नोंदवणारा इलेक्ट्रॉनिक पंच आला आणि प्रत्येक लेगची वेळ घरी नेता येऊ लागली. सोबत एक नवी चूकही आली: सगळ्या लेगच्या वेगांची सरासरी काढून तीच पुढच्या कोर्सवर लावायची. कंट्रोलपाशी वर्णन वाचणं, पंच करणं, पुढची दिशा धरणं यात २० सेकंद गेली असं धरा. ८०० मीटरच्या लेगवर त्यामुळे किलोमीटरमागे २५ सेकंद वाढतात, १२० मीटरच्या लेगवर २ मिनिटं ४७ सेकंद. छोटा लेग हळू दिसतो, पण धावणं तेवढंच असतं.

जीपीएस घड्याळाने पायाखालचं अंतर दाखवायला सुरुवात केल्यावर बरेच जण त्यातला वेग घेऊन छापील लांबीला गुणू लागले. तिथे वेळ नेहमी कमीच येते, कारण घड्याळाचा किलोमीटर वळशांसकट असतो आणि कागदावरचा त्यांच्याशिवाय. सरळ अंतरावरून कंट्रोल ते कंट्रोल वेळ ठरवायची तर वेगही सरळ अंतराने भागलेलाच घ्यावा. तो तशाच जंगलातल्या, न चुकलेल्या लेगांचा मधला आकडा असावा, छोटे लेग बाजूला काढावेत आणि कंट्रोलची २० सेकंदं शेवटी वेगळी मिळवावीत. लेगला अशा ठरवलेल्या वेळेच्या दीडपट वेळ झाली आणि कंट्रोल दिसला नाही, तर आणखी पुढे न जाता थांबून नकाशावर शेवटची खात्रीची जागा शोधावी.