पूर्वेकडे लवकर, पश्चिमेकडे उशिरा: जेट प्रवाह आणि तुमच्या तिकिटावरची वेळ

न्यूयॉर्कहून लंडनला जायचे तिकीट काढले की प्रवासाचा वेळ साधारण सात तास दाखवतात. तोच प्रवास उलट दिशेने केला की वेळ होतो आठ तास. अंतर तेवढेच, विमानही बहुतेक वेळा त्याच प्रकारचे, तरी तासाभराचा फरक. तिकीट हातात पडल्यावर अनेकजण आम्हाला फोन करून विचारतात, की परतीच्या वेळेत काही चूक तर झाली नाही ना. चूक नसते. आकाशात दहा-अकरा किलोमीटर उंचीवर वाहणाऱ्या वाऱ्याचा तो परिणाम असतो, आणि तो समजून घेतला तर तिकीट निवडताना त्याचा उपयोगही होतो.

आधी घड्याळाचा गोंधळ दूर करू. समजा, विमान न्यूयॉर्कहून संध्याकाळी ७ वाजता निघाले आणि लंडनला सकाळी ७ वाजता पोहोचले. तिकिटावरच्या दोन्ही वेळा स्थानिक असतात, त्यामुळे मधे बारा तास गेल्यासारखे दिसतात. लंडनचे घड्याळ पाच तास पुढे आहे. ते वजा केले की प्रवास सात तासांचा. परत येताना विमान सकाळी ११ ला निघते आणि दुपारी २ ला पोहोचते, म्हणजे वरवर पाहता तीनच तास. त्यात पाच मिळवले की आठ. घड्याळांचा हिशेब पूर्ण झाल्यावरही जो एक तास शिल्लक राहतो, त्याबद्दल हे पत्रक आहे.

पृथ्वी फिरते म्हणून?

सर्वांत जास्त ऐकू येणारे उत्तर हेच. पण पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तेव्हा पश्चिमेकडे निघालेल्या विमानासमोर न्यूयॉर्क स्वतःहून सरकत यायला हवे आणि तोच प्रवास लवकर संपायला हवा. प्रत्यक्षात उलटे घडते. कारण जमिनीबरोबर हवाही फिरत असते आणि विमान त्या हवेतच उडते. हवा जागच्या जागी थांबली असती, तर विषुववृत्तावर ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाचा वारा सतत पूर्वेकडून अंगावर आला असता. तसे होत नाही. तरीही पृथ्वीच्या फिरण्याचा या गोष्टीशी संबंध आहे, फक्त तो सरळ नाही, वाऱ्यामार्फत येतो.

विषुववृत्ताजवळची हवा तापलेली आणि ध्रुवाजवळची थंड. गरम हवा फुगते, थंड हवा आकसते. त्यामुळे समुद्रसपाटीवर दोन्हीकडे दाब जवळपास सारखा असला, तरी वर जाताना चित्र बदलते. थंड प्रदेशात दाब झपाट्याने उतरतो, उष्ण प्रदेशात हळूहळू. समुद्रसपाटीच्या साधारण तीस टक्के उरलेला दाब उष्ण कटिबंधात साडेनऊ किलोमीटरच्या आसपास सापडतो. हिवाळ्यात ध्रुवाकडे तोच दाब त्याहून सुमारे एक किलोमीटर खाली मिळतो. म्हणजे विमानाच्या उंचीवर एका बाजूला दाब जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, आणि हवा ध्रुवाच्या दिशेने ढकलली जाते.

ती सरळ ध्रुवाकडे गेली असती, तर पूर्व-पश्चिम प्रवासात एवढा फरक पडलाच नसता. फिरत्या पृथ्वीवर मात्र वाहणारी हवा उत्तर गोलार्धात उजवीकडे वळते; याला कोरिऑलिस परिणाम म्हणतात. उत्तरेकडे निघालेली हवा उजवीकडे वळली म्हणजे पूर्वेकडे गेली. दक्षिण गोलार्धात हवा डावीकडे वळते, पण तिथे ती दक्षिणेकडे निघालेली असते, त्यामुळे तिथेही दिशा पूर्वच येते. दोन्ही गोलार्धांत हे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात ते यामुळे.

तापमानातला फरक जिथे थोड्या अंतरात एकवटतो, तिथे वाराही एका अरुंद पट्ट्यात एकवटतो. हा पट्टा म्हणजे जेट प्रवाह. काहीशे किलोमीटर रुंद, उंचीला जेमतेम काही किलोमीटर आणि लांबीला हजारो किलोमीटर. प्रत्येक गोलार्धात असे दोन मुख्य प्रवाह असतात: एक ३० अंश अक्षांशाच्या आसपास, दुसरा साधारण ५० ते ६० अंशांच्या पट्ट्यात. हा दुसरा फार नागमोडी चालतो आणि रोज जागा बदलतो. जपानमध्ये वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात ततेनो वेधशाळेतून फुगे सोडून या उंचीवरचे जोरदार पश्चिमी वारे मोजले होते. प्रवासी विमाने त्या उंचीवर पोहोचायला त्यानंतर बराच काळ जावा लागला.

एक तास येतो कुठून

विमानाचा वेग दोन प्रकारे मोजतात. एक आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत, दुसरा खालच्या जमिनीच्या तुलनेत. विमानतळावरच्या सरकत्या पट्ट्यावरून आपण नेहमीच्याच चालीने चालतो, पण बाजूच्या भिंतीच्या मानाने भरभर पुढे जातो, तसेच हे. इंजिनाला आणि पंखांना फक्त हवेतला वेग कळतो. पोहोचायचे मात्र जमिनीवरच्या ठिकाणी असते.

आता हिशेब करून पाहू. न्यूयॉर्क ते लंडन सर्वांत जवळच्या मार्गाने सुमारे ५,५४० किलोमीटर. हवेतला वेग ताशी ९०० धरू. वारा अजिबात नसेल तर ६ तास ९ मिनिटे. संपूर्ण वाटेवर सरासरी ताशी १०० किलोमीटरचा वारा पश्चिमेकडून असेल, तर पूर्वेकडे जाताना जमिनीवरचा वेग १,००० होतो आणि ५ तास ३२ मिनिटे लागतात. उलट जाताना वेग उरतो ८०० आणि ६ तास ५५ मिनिटे लागतात. टॅक्सीइंग, चढ-उतार आणि विमानतळावरची रांग यांचा वेळ दोन्हीकडे मिळवला, की तिकिटावरचे सात आणि आठ तास जवळपास जुळतात.

इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. जाताना ३७ मिनिटे वाचली, पण येताना ४६ मिनिटे जास्त गेली. दोन्ही मिळून वारा नसतानापेक्षा नऊ मिनिटे जास्तच लागली. पाठीमागून वारा असला की प्रवास लवकर आटोपतो, म्हणून त्याचा फायदा कमी वेळ मिळतो. समोरून असला की आपण त्यात जास्त वेळ अडकून राहतो. त्यामुळे ये-जा धरली तर एकाच वाटेवरचा वारा कधीच पुरती भरपाई करत नाही.

वारा किती जोर लावू शकतो याचे उत्तम उदाहरण म्हणजे फेब्रुवारी २०२०. ८ तारखेच्या रात्री न्यूयॉर्कहून निघालेले ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ अवघ्या ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरले. कियारा वादळामुळे त्या रात्री अटलांटिकवरचा जेट प्रवाह विलक्षण जोरात होता. जमिनीच्या तुलनेत विमानाचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला. त्या उंचीवर ध्वनीचा वेग सुमारे १,०६० असतो. तरीही विमानाने ध्वनीची मर्यादा ओलांडली नाही, कारण भोवतालच्या हवेत ते नेहमीच्याच ९०० च्या आसपासच्या वेगाने उडत होते. वरचे सगळे वाऱ्याने दिले.

पश्चिमेकडे जाणारी विमाने वाट बदलतात

जेट प्रवाह अरुंद असतो, म्हणून त्याला टाळताही येते. उत्तर अटलांटिकवर रोज त्या दिवशीचे वारे पाहून विमानांसाठी समांतर मार्ग आखतात. दिवसा युरोपहून अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांचे मार्ग ब्रिटन आणि आयर्लंडचे शॅनविक हवाई वाहतूक नियंत्रण केंद्र ठरवते, तर रात्री उलट दिशेचे मार्ग कॅनडातले गँडर केंद्र. पूर्वेकडचे मार्ग प्रवाहाच्या आत किंवा जवळ ठेवतात, पश्चिमेकडचे त्याच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकवतात.

वरच्याच आकड्यांवर पाहा. पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाने २०० किलोमीटरचा वळसा घेतला आणि त्यामुळे समोरचा वारा १०० वरून ५० वर आला, तर ५,७४० किलोमीटर ताशी ८५० ने कापायला ६ तास ४५ मिनिटे लागतात. लांबची वाट दहा मिनिटांनी लवकर संपली आणि इंधनही वाचले. सीटसमोरच्या नकाशावर विमान ग्रीनलँडकडे बरेच वर गेलेले दिसले, तर त्यामागे थोडा भाग पृथ्वीच्या गोलाईचा असतो आणि थोडा वाऱ्याचा. त्याच पडद्यावर जमिनीवरचा वेगही दाखवतात. पूर्वेकडे जाताना तो हजारच्या पुढे दिसला, तर तुम्ही बहुधा प्रवाहात आहात.

तिकीट काढताना याचा उपयोग

हिवाळ्यात ध्रुव आणि विषुववृत्त यांच्या तापमानातला फरक वाढतो, म्हणून प्रवाहही जोर धरतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत पश्चिमेकडच्या प्रवासाला जास्त वेळ लागण्याची शक्यता असते. कंपन्या वेळापत्रकात हे गृहीत धरतात, पण सरासरी धरतात. एखाद्या दिवशी वारा सरासरीपेक्षा फार वेगळा असू शकतो. २०११-१२ च्या हिवाळ्यात अटलांटिकवर समोरचा वारा इतका जोरात होता, की युरोपहून अमेरिकेला निघालेल्या काही बोइंग ७५७ विमानांना इंधन भरायला मधेच कॅनडात उतरावे लागले. म्हणून हिवाळ्यात पश्चिमेकडे जाऊन पुढचे विमान पकडायचे असेल, तर दीड तासाची जोडणी उपलब्ध असली तरी आम्ही तीन तासांची सुचवतो. तिथे वाट पाहणे कंटाळवाणे असते हे मान्य, पण चुकलेल्या विमानापेक्षा ते बरे. पूर्वेकडे जाताना नेमके उलटे होऊ शकते: विमान पहाटे अर्धा तास आधी पोहोचते आणि गेट मोकळे नसल्याने तिथेच थांबते. न्यायला येणाऱ्यांना मूळ वेळच सांगा.

प्रवाहाच्या कडेला थोड्याच उंचीत वाऱ्याचा वेग खूप बदलतो आणि तिथे विमान हादरते. ढग नसतात, त्यामुळे विमानातल्या हवामान रडारला हे आधी दिसत नाही. वैमानिक हवामानाच्या अंदाजावर आणि पुढे गेलेल्या विमानांकडून आलेल्या सूचनांवर अवलंबून असतात. आकाश निरभ्र दिसत असले तरी बसलेले असताना पट्टा बांधलेला राहू द्या, ही आमची कळकळीची विनंती.

हाच फरक प्रत्येक मार्गावर शोधू नका. उत्तर-दक्षिण प्रवासात वारा बहुतेक कडेने लागतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचे वेळ जवळपास सारखे येतात. विषुववृत्ताजवळ हे पश्चिमी प्रवाह पोहोचतच नाहीत. जून ते सप्टेंबरमध्ये तर दक्षिण आशियापासून आफ्रिकेपर्यंत खूप उंचावर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा वेगळा जेट प्रवाह तयार होतो, आणि त्या पट्ट्यातल्या मार्गांवर पश्चिमेकडे जाणाऱ्यालाही थोडी मदत मिळू शकते. सर्वांत मोठी तफावत उत्तर पॅसिफिकवर दिसते. हिवाळ्यात जपानवरचा जेट प्रवाह जगातल्या सर्वांत जोरदार प्रवाहांपैकी एक असतो. त्या काळात टोकियोहून लॉस एंजेलिसला जाण्याचे आणि परतीचे वेळ तिकिटावर शेजारी ठेवून पाहा, फरक एका तासाहून बराच मोठा दिसेल.