१२८ जीबीचं कार्ड, तरी कॅमेरा अडकतो?

"सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याची चाल टिपताना तीन सेकंदांत कॅमेरा मंदावतो. ६४ जीबीऐवजी १२८ जीबीचं कार्ड घेतलं की थांबेल ना?"

नाही. जीबी म्हणजे फक्त जागा. फोटो आधी कॅमेऱ्याच्या बफरमध्ये, म्हणजे आतल्या तात्पुरत्या मेमरीत जातात आणि तिथून कार्डावर उतरतात. बफर भरला की कार्ड जेवढं रिकामं करेल तेवढ्याच वेगानं पुढचे फोटो निघतात.

हिशोब मांडू. सेकंदाला १० फोटो, एक रॉ फाइल २५ एमबीची, म्हणजे सेकंदाला २५० एमबी आत येतात. कार्ड ८० लिहितं. उरलेले १७० बफरात साचतात. बफर ५०० एमबीचा असेल तर तो तीन सेकंदांत भरतो, साधारण २९ फोटोंत. मग वेग सेकंदाला तीनवर येतो. त्याच कॅमेऱ्यात ८ एमबीची जेपेग ठेवली तर जेवढं येतं तेवढंच लिहिलं जातं, आणि बर्स्ट अडकत नाही. रॉ आणि जेपेग दोन्ही एकदम ठेवणं सगळ्यात जड. टापांच्या धुळीत तरी ते टाळावं.

कार्डावरचा मोठा आकडा बहुधा वाचनाचा असतो, दुकानदार तोच दाखवतो. तुम्ही V30, V60, V90 पाहा: सलग लिहिताना सेकंदाला किमान तेवढे एमबी. मात्र कॅमेऱ्याचा स्लॉट यूएचएस-१ या जुन्या, हळू प्रकारचा असेल तर महागडं यूएचएस-२ कार्डही यूएचएस-१ च्याच वेगानं चालतं. आधी मॅन्युअलमध्ये स्लॉट बघा, मग पैसे काढा.