कुलूपबंद फोन मेसेज वाचून कसा दाखवतो?

मार्च 2018 मध्ये ब्राझीलच्या ‘मॅक मॅगझिन’ या संकेतस्थळाने आयफोनमधली एक विचित्र गोष्ट उघडकीस आणली. फोन लॉक आहे, नोटिफिकेशनमधला मजकूर लॉक स्क्रीनवर दिसू नये अशी सेटिंगही मालकाने करून ठेवली आहे. पडद्यावर खरोखरच काही दिसत नाही. पण कुणीही तो फोन उचलून सिरी या व्हॉइस असिस्टंटला ‘नोटिफिकेशन वाच’ म्हटलं, की सिरी इतर कंपन्यांच्या अ‍ॅपवर आलेले, लपवून ठेवलेले मेसेज मोठ्याने वाचून दाखवायची. अ‍ॅपलचं स्वतःचं मेसेजेस अ‍ॅप मात्र यातून सुटलं होतं. मेअखेरीस आलेल्या आयओएस 11.4 मध्ये ही चूक दुरुस्त झाली आणि सिरीच्या परवानग्या तपासण्यात त्रुटी होती, असं अ‍ॅपलने नोंदवलं.

त्या नोंदीतला ‘परवानगी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कूटबद्ध केलेली माहिती कुणी फोडली नव्हती. माहिती आधीच वाचता येण्याजोगी होती, फक्त ती कुणाला सांगायची हे तपासणारी पायरी एका वाटेवर राहून गेली होती.

हे नीट कळायला फोन चालू होतो तेव्हा काय घडतं ते पाहावं लागतं. बंद फोन सुरू केला की आतली बहुतेक माहिती कुलूपबंद असते आणि ते कूट सोडवणारी किल्ली तुमच्या पासकोडशिवाय तयारच होत नाही. म्हणून फोन रिस्टार्ट झाल्यावर, पासकोड टाकण्याआधी आईचा फोन आला, तर ‘आई’ असं नाव न दिसता नुसता नंबर दिसतो. संपर्कयादी अजून फोनलाच वाचता येत नसते.

तुम्ही पहिल्यांदा पासकोड टाकला की चित्र बदलतं. नंतर दिवसभरात तुम्ही पन्नासदा स्क्रीन लॉक केलीत, तरी बऱ्याचशा माहितीच्या किल्ल्या फोनच्या स्मृतीत तशाच राहतात. आयफोनमध्ये काही निवडक माहितीची किल्ली लॉक केल्यावर सुमारे 10 सेकंदांत पुसली जाते, पण इतर कंपन्यांच्या अ‍ॅपनी वेगळं काही सांगितलं नसेल, तर त्यांचा डेटा पहिल्या अनलॉकनंतर खुलाच राहतो. अँड्रॉइडची रचनाही साधारण अशीच आहे. यात आळशीपणा नाही, गरज आहे. किल्ली पुसली तर खिशातल्या फोनवर नवा मेसेज आल्यावर तो नोंदवायचा कसा आणि पाठवणाऱ्याचं नाव दाखवायचं कसं?

म्हणजे दिवसभर आपण ज्याला ‘लॉक’ म्हणतो तो दारावर बसलेला रखवालदार असतो आणि किल्ली त्याच्याच खिशात असते. तो प्रत्येक वेळी बरोबर नाही म्हणेल यावर आपली भिस्त असते. व्हॉइस असिस्टंटमुळे त्याचं काम फार अवघड होतं. बटणं आणि पडदे मोजके असतात, ते एकेक करून तपासता येतात. बोलून विचारायचे प्रश्न मात्र अगणित. ‘उद्या माझं काय काय आहे?’, ‘घरी जायला किती वेळ लागेल?’, ‘शेवटचा मेसेज कुणाचा?’ अशा प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरात थोडी खासगी माहिती असते आणि प्रत्येक वाटेवर वेगळी तपासणी लागते. त्यामुळे 2018 ची चूक एकटी राहिली नाही. जुलै 2024 च्या आयओएस 17.6 मध्येही, फोन हातात असलेल्याला सिरीकडून संवेदनशील माहिती काढता येण्याच्या त्रुटी बुजवाव्या लागल्या. त्यासाठी लॉक असलेल्या फोनवर सिरी जे पर्याय देते तेच कमी केले गेले. मला हा उपाय सर्वांत प्रामाणिक वाटतो, आणि आपण स्वतः करायचं तेही हेच.

इथे बरेच जण म्हणतात, ‘पण माझा फोन फक्त माझाच आवाज ओळखतो.’ हा गैरसमज धोक्याचा आहे. ‘हे सिरी’ किंवा ‘हे गूगल’ ऐकताना होणारी आवाजाची ओळख शेजारच्याचा फोन उगाच जागा होऊ नये यासाठी असते, ती पासवर्डची जागा घेऊ शकत नाही. मिळताजुळता आवाज किंवा तुमच्या आवाजाचं रेकॉर्डिंग चालून जाऊ शकतं, असा इशारा गूगल स्वतःच देते. शिवाय आयफोनचं बाजूचं बटण दाबून धरलं तर सिरी कुणाच्याही आवाजाला उठते.

म्हणून आधी स्वतःच्या फोनची परीक्षा घ्या. फोन लॉक करून घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात द्या आणि तुम्ही खोलीबाहेर जा, नाहीतर तुमचा चेहरा पाहून फोन अनलॉक होईल आणि परीक्षा फसेल. त्या व्यक्तीला बटण दाबून विचारायला सांगा: हा फोन कुणाचा, नवे मेसेज वाच, उद्याचा कार्यक्रम सांग, आईला फोन लाव. सिरीला इंग्रजीत विचारलेलं बरं. गूगल असिस्टंट आणि जेमिनायला मराठी समजतं, तेव्हा मराठीतूनही विचारून बघा. फोन लावण्याची आज्ञा बहुधा पाळली जाईल. मेसेजच्या वेळी ‘आधी अनलॉक करा’ असं उत्तर यायला हवं. ते आलं नाही, तर सेटिंग बदलायची वेळ झाली.

आयफोनवर Settings मध्ये सिरीच्या पानावर Allow Siri When Locked असा एकच खटका आहे. तो बंद केला की लॉक असताना सिरी गप्प. हे जड वाटत असेल, तर निदान Notifications मध्ये Show Previews ला When Unlocked निवडा, म्हणजे ओटीपी आणि मेसेजचा मजकूर पडद्यावर उघडा पडणार नाही. Announce Notifications हे वेगळं प्रकरण आहे. ते चालू असेल, तर एअरपॉड्स कानात असताना फोन लॉक असला तरी सिरी मेसेज वाचते. ते तुमच्याच कानात पोचतं, म्हणून धोका कमी. पण एक एअरपॉड मैत्रिणीच्या कानात असेल, तर तिलाही ऐकू जाईल. अँड्रॉइडवर जेमिनाय वापरत असाल, तर त्याच्या सेटिंगमध्ये लॉक स्क्रीनचा वेगळा भाग आहे. अनलॉक न करता जेमिनाय वापरणं आणि अनलॉक न करता फोन लावणं-मेसेज पाठवणं, हे दोन्ही तिथे वेगवेगळं ठरवता येतं. जुन्या गूगल असिस्टंटमध्ये लॉक स्क्रीनवरचे Personal results बंद करायचे असतात. मेन्यूंची नावं आवृत्तीगणिक थोडी बदलतात, म्हणून मोठा अपडेट आला की वरची परीक्षा पुन्हा घ्यावी.

घरात एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांच्या फोनवर मात्र मी सगळं बंद करा म्हणणार नाही. पाय घसरून पडल्यावर हात न लावता मुलीला फोन लावता येणं, हे कुणी कॅलेंडर ऐकण्यापेक्षा कितीतरी मोठं आहे. तिथे आवाजाने फोन लावण्याची सोय ठेवावी आणि मजकूर लपवावा. फोनला हात पोचत असेल, तर असिस्टंट बंद असतानाही लॉक स्क्रीनवरच्या इमर्जन्सी कॉलमधून 112 लागतोच.

फोन दुरुस्तीला देताना किंवा दुसऱ्याच्या ताब्यात तासन् तास ठेवताना सेटिंगच्या भानगडीत पडण्याऐवजी तो सरळ बंद करून द्या. पुढच्याने तो सुरू केला तरी पासकोड पडेपर्यंत किल्ली तयार होत नाही आणि असिस्टंटकडे सांगण्यासारखं फारसं काही उरत नाही. खात्री करायची असेल, तर आधी घरीच फोन रिस्टार्ट करून, पासकोड न टाकता, ओळखीच्या कुणाला कॉल करायला सांगा. पडद्यावर नावाऐवजी नुसता नंबर आला, म्हणजे संपर्कयादी अजून कुलपातच आहे.